'मर' की 'रम'? दोन आद्याक्षरांचा मोनोग्राम जुळवताना

मैत्रिणीच्या लग्नात द्यायच्या रुमालांवर मोनोग्राम काढायला बसले. तिचं म, त्याचं र. दोन्ही अक्षरं एका शिरोरेघेखाली ठेवली आणि कागदावर उमटलं 'मर'. घाईघाईने अदलाबदल केली, तर 'रम'. लग्नाच्या भेटीवर दोन्ही नकोच.

म्हणून शेजारी-शेजारी मांडणीचा विचार असेल तर आधी दोन्ही क्रमांनी मोठ्याने वाचून बघा. र आणि ड आले की 'रड' होतं. र आणि व जवळ आणले की थेट 'ख' दिसतो, मग दोन नावांपैकी एकही उरत नाही. अक्षरं निरुपद्रवी असतील तर ही मांडणी सगळ्यात सोपी आणि कितीही लहान केली तरी वाचता येते. पण खरं सांगायचं तर तो मोनोग्राम वाटत नाही, दोन अक्षरी शब्द वाटतो.

रोमन लिपीत यावर एक चांगली सोय आहे. एमचा उजवा खांब आणि आरचा डावा खांब एकच करायचा, दोन्ही अक्षरं पूर्ण राहतात. देवनागरीत हेच करायला गेलं की फसगत होते. आपल्याकडे उभा दंड बहुतेक अक्षरांच्या उजवीकडे असतो. पहिल्या अक्षराचा दंड काढून ते दुसऱ्याला चिकटवलं की जोडाक्षर तयार होतं: स आणि म चं 'स्म'. वाचणारा त्याला दोन नावं म्हणून बघतच नाही. दंड वाटून घ्यायचाच असेल तर अक्षरं एकाखाली एक ठेवून एकच लांब दंड दोघांना द्यावा. पण त्यासाठी दोन्ही अक्षरांच्या उजवीकडे दंड हवा, आणि र ला तो नाहीच. आमच्या जोडीसाठी हा रस्ता तिथेच बंद झाला.

उरल्या दोन पद्धती. खरी निवड यांच्यातच आहे.

पहिलीत एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात बसतं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररची चित्रांवरची सही आठवा: मोठा, रुंद पायांचा ए आणि त्याच्या आडव्या रेघेखाली छोटा डी. म मध्येही अशी जागा आयती मिळते. त्याच्या आडव्या रेघेच्या खाली आणि दंडाच्या डावीकडे मोकळा चौकोन असतो, तिथे बिनशिरोरेघेचा छोटा र छान मावतो. मात्र यात एक अक्षर मोठं आणि एक लहान होतं. एकाच माणसाच्या लेटरहेडवर ते शोभतं, कारण नाव मोठं आणि आडनाव छोटं हे कुणालाच खटकत नाही. लग्नाच्या भेटीवर मात्र 'कोण कुणाच्या पोटात' हा प्रश्न भेट उघडणारी पहिली व्यक्तीच विचारेल.

दुसरी म्हणजे गुंफण. दोन्ही अक्षरं सारख्या उंचीची ठेवून एकमेकांतून ओवायची. आमच्या जोडीत मी र डावीकडे ठेवून अर्ध्या उंचीइतका खाली सरकवला, त्यामुळे शिरोरेघ दोघांची वेगळी राहिली आणि 'रम' मोडला. र चा तिरका पाय म च्या दंडाला छेदून पलीकडे गेला. छेद जिथे जिथे होतात तिथे आळीपाळीने एकदा एक रेघ वर, पुढच्या छेदात दुसरी वर, हा नियम पाळायचा. एकच अक्षर सगळीकडे वर ठेवलं तर गुंफण होत नाही, एक अक्षर दुसऱ्यावर पडलेलं दिसतं. खालून जाणारी रेघ छेदाच्या दोन्ही बाजूंना थोडी तोडावी लागते, साधारण रेघेच्या जाडीच्या निम्मी. ती फटच वर-खाली दाखवते.

गुंफणीची अडचण हीच फट आहे. लेटरहेडच्या कोपऱ्यात मोनोग्राम 12 मिलिमीटरचा केला की फटी शाईने भरतात आणि जाळं उरतं. भरतकामात साटिन टाक्याची रेघ 1 मिलिमीटरपेक्षा बारीक नको, म्हणजे फटीसह आकार वाढवावाच लागतो. मी रुमालावर 35 मिलिमीटर ठेवला, तेव्हा कुठे र चा पाय सुटा दिसला.

मेणाच्या मोहोरेसाठी मी पोटातल्या मांडणीकडेच जाईन, छेद नसल्याने ठसा स्वच्छ उठतो. फक्त साच्यावर अक्षरं उलटी कोरायची असतात. नमुना पाठवताना सुलटाच पाठवावा आणि 'उमटल्यावर असं दिसायला हवं' असं त्यावर लिहावं, नाहीतर कोरणाराही उलटवतो, आपणही उलटवतो.

एक खबरदारी ध आणि भ वाल्यांसाठी. यांना घ आणि म पासून वेगळं करते ती शिरोरेघेतली फट आणि डावीकडचा छोटा आकडा. सजावटीच्या नादात शिरोरेघ सलग ओढली किंवा आकार फार लहान केला की भ चा म होतो. त्यामुळे ठरलेल्या मापातच छापून, नावं माहीत नसलेल्या माणसाला दाखवावं आणि फक्त 'कोणती अक्षरं आहेत?' एवढंच विचारावं. माझ्या रुमालावर शेजारच्या काकूंनी म लगेच ओळखला. र साठी त्यांनी रुमाल एकदा तिरका धरला, म्हणून मग र ची शिरोरेघ मी डावीकडे थोडी लांबवली.