जुने फोटो सरळ करायला जिम्प: दिवाळीपासूनच्या वापरानंतर

आमच्या सांगलीच्या घरात जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंचे दोन अल्बम आहेत. दिवाळीपासून ते स्कॅन करून मी जिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट करतोय. बहुतेक फोटो छोटे, चारही बाजूंना पांढरी किनार असलेले आणि थोडे कललेले. जिम्प फुकट आहे, आणि एवढ्याच कामापुरतं बोलायचं तर मला त्यात काही कमी पडलेलं नाही. मात्र फोटो कशाच्या आधाराने सरळ करायचा, हे ते सांगत नाही. ते आपणच ठरवायचं, आणि खरी मेख तिथेच आहे.

कल दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे स्कॅनरच्या काचेवर कागद तिरका बसलेला. दुसरा मूळचाच, फोटो काढताना कॅमेरा वाकडा धरलेला. पहिला कल कागदाच्या किनारीवर दिसतो, दुसरा फक्त चित्राच्या आत. किनार धरून सरळ केलं की चौकट नेटकी दिसते, पण आतली माणसं कललेलीच राहतात.

एक फोटो सविस्तर सांगतो. कृष्णेचा घाट, पुढे आमची आत्या आणि तिच्या बहिणी उभ्या, मागे आयर्विन पूल. पूल म्हणजे लांबलचक सरळ रेघ, त्यामुळे ती आडवी धरायचा मोह होतो. पण पूल समोरून नाही, तिरक्या कोनातून दिसतोय. लांब जाणारी आडवी रेघ अशा फोटोत तिरकी दिसणारच. घाटाच्या पायऱ्यांचं आणि पलीकडच्या काठाचंही तेच. ती रेघ सक्तीने आडवी केली तर सगळ्या बायका एका बाजूला झुकलेल्या दिसतात. अशा वेळी उभ्या रेघेवर भरवसा ठेवायचा. कॅमेरा वर किंवा खाली झुकवलेला नसेल तर उभी वस्तू फोटोतही उभीच दिसायला हवी. तो झुकवलेला असला तर डावीकडचे खांब एकीकडे आणि उजवीकडचे दुसरीकडे कलतात. मग चित्राच्या मध्याजवळचा खांब घ्यायचा.

मी मध्याजवळचा पुलाचा खांब घेतला. असे खांब पायथ्याशी रुंद असू शकतात, म्हणून एकच कड मोजणं पुरेसं नाही. जिम्पच्या Measure टूलने दोन्ही कडा मोजल्या: डावी कड उभ्या रेघेपासून 1.1 अंश डावीकडे कललेली, उजवी 1.9 अंश. सरासरी दीड अंश. रेघ जितकी लांब घ्याल तितकं माप पक्कं. तीनशे पिक्सेलच्या रेघेत एका पिक्सेलची चूक झाली तर सुमारे 0.2 अंशाचा फरक पडतो, म्हणून आधी चित्र भरपूर मोठं करून मगच टोकं पकडायची.

याच टूलमध्ये Straighten बटण आहे. एकाच रेघेवर काम भागत असेल तर तेच दाबावं. मला सरासरी हवी होती, म्हणून Rotate टूलमध्ये 1.5 लिहिलं. आकडा धन असेल तर चित्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. फिरवायचं ते एकदाच. प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने मोजून मांडले जातात आणि बारीक तपशील जरा मऊ होतो. कोन पटला नाही तर Ctrl+Z करून मूळ चित्रावरच नवा कोन द्यायचा, फिरवलेल्यावर पुन्हा नाही.

काटछाट नेहमी यानंतर. फिरवल्यावर किनार तिरकी होते, तेव्हा ती पूर्ण काढायची तर चित्राचाही थोडा भाग जातो. माझं स्कॅन 600 डीपीआयचं, चित्राची लांबी साधारण 1900 पिक्सेल. दीड अंशात लांब बाजूचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे 50 पिक्सेल वर-खाली होतं, म्हणजे मूळ कागदावरचे दोन मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या फोटोत पावलं अगदी खालच्या कडेला होती. आत्या शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "पाय तोडू नकोस रे बाबा, त्या चपला आईने कोल्हापुराहून आणल्या होत्या."

मग दीड अंशावरून एकावर आलो आणि खाली किनारीची बारीक पाचर राहू दिली. पूर्ण सरळ करण्यापेक्षा मला हेच बरोबर वाटतं.

किनार आपोआप कापायला Crop to Content आहे, पण जुन्या स्कॅनवर त्याचा उपयोग झाला नाही. त्याला कडेचा रंग सलग एकसारखा लागतो; पिवळट कागदावर तो तसा नसतो. हातानेच Crop टूल घ्यावं. त्यातली Delete cropped pixels ची टिक काढून ठेवली आणि काम जिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये जपलं, तर कापलेला भाग नंतर परत मिळतो. जेपीजी काढली की तो गेलाच.

मूळ अखंड स्कॅन मी टिफमध्ये वेगळं ठेवतो, किनारीसकट. काही फोटोंच्या किनारीवर आजोबांनी शाईने तारखा लिहिल्यात, आणि त्या कापलेल्या प्रतीत कधीच येत नाहीत.