एस्टिमेट, खात्यावरचं नाव की अपडेट, आधी काय बघायचं?

मागच्या वर्षी एकाच पेशंटच्या उपचारासाठी पैशांच्या मदतीचं आवाहन मला दोन ग्रुपवर आलं, एक राजारामपुरीतल्या मंडळाच्या आणि एक शाळेच्या. फोटो तोच, हॉस्पिटलचं एस्टिमेट तेच, मजकूर शब्दाला शब्द तोच, फक्त खालचा क्यूआर वेगळा.

एस्टिमेट मी आधी बघितलं कारण सगळे तेच बघायला सांगतात. लेटरहेड, तारीख, पेशंट नंबर, डॉक्टरची सही-शिक्का, सगळं होतं. हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा लँडलाइन नंबर घेऊन (पोस्टरवरचा नाही) बिलिंगला फोन केला, तर त्यांनी पेशंटची बाकी माहिती दिली नाही, जे बरोबरच आहे, पण हा पेशंट नंबर चालू आहे एवढं सांगितलं. म्हणजे कागद खरा. आकडा मात्र जुळवून बघा, इथं एस्टिमेट ४ लाख ८० हजारांचं होतं आणि पोस्टरवर १२ लाख. पुढची औषधं, आयसीयूचे वाढीव दिवस धरले तर खर्च वाढतोच, त्यामुळं नुसत्या फरकावरून मी कुणाला खोटं म्हणणार नाही, पण वरचे पैसे कशाला लागणार ते विचारावं.

मला खरा त्रास झाला तो पुढं. दोन्ही क्यूआर स्कॅन केले, पिन टाकला नाही. पहिल्यावर पेशंटच्या बायकोचं नाव आलं. दुसऱ्यावर पोस्टरवर छापलेलं नाव तिचंच, पण ॲपमध्ये बँकेतलं नाव भलत्याच माणसाचं. विचारलं तर "भाचा आहे" म्हणाले, मग "मित्र आहे", मग मेसेजच बंद. खरा फोटो आणि खरं एस्टिमेट कुणीही फॉरवर्डमधून उचलतं, पण दुसऱ्याच्या बँक खात्यावरचं नाव आपल्या क्यूआरला चिकटवता येत नाही.

अर्थात नाव वेगळं म्हणजे फसवणूकच असं नाही, पेशंट आयसीयूत असला की भाऊ किंवा मेहुणा खातं देतो, तेव्हा नातं एकदा विचारावं आणि उत्तर बदलतंय का बघावं. क्राउडफंडिंगच्या साइटवर मात्र ही तपासणी लागू पडत नाही, तिथं बऱ्याचदा कंपनीच्या खात्याचं नाव दिसतं, म्हणून पैसे हॉस्पिटलला जाणार की घरच्यांना हे कॅम्पेनच्या पानावर वाचावं. आणि पैसे भरताना साइटसाठीची टिप आधीच निवडलेली असते का तेवढं बघा.

अपडेट मला तितके उपयोगाचे वाटले नाहीत, कारण ते पैसे गेल्यावर येतात. नळ्या लावलेल्या फोटोंपेक्षा हॉस्पिटलच्या डिपॉझिटची एक पावती बरी, त्यावर तोच पेशंट नंबर असला तर उत्तम.

मी शेवटी पेशंटच्या बायकोच्या खात्यावरही पैसे टाकले नाहीत. तिलाच फोन करून विचारलं आणि बिलिंग काउंटरला पेशंट नंबर सांगून ३ हजार जमा केले, पावतीचा फोटो तिला पाठवला.