दूध संस्थेची ‘फॅट समोर, फेरतपासणी जागेवर’ सेवा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या गावच्या दूध संस्थेने गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रसिद्धिपत्रक काढले. त्याचा मथळा होता, ‘दुधाची फॅट आता उत्पादकासमोर, शंका आल्यास जागेवर फेरतपासणी’. प्रवरा खोऱ्यातल्या बहुतेक संस्थांची पत्रके मी वाचत आलो आहे. त्यांत नव्या यंत्राचे पूजन कोणाच्या हस्ते झाले आणि व्यासपीठावर कोण उपस्थित होते, एवढेच असते. या पत्रकात पहिल्याच परिच्छेदात काम सांगितले होते : संकलनाच्या वेळी वजनकाट्याचा आणि फॅट मशिनचा आकडा उत्पादकाच्या बाजूच्या पडद्यावर दिसेल, पावतीबरोबर मोबाईलवर संदेश येईल आणि आकडा मान्य नसल्यास त्याच वेळी दुसरा नमुना विनामूल्य तपासून मिळेल. फॅट मशिन आता गावोगाव आहेत, त्यामुळे यंत्र घेतले ही बातमी नव्हती. फेरतपासणीचा हक्क लेखी दिला ही बातमी होती.

पत्रकाच्या शेवटी चेअरमनांचे विधान होते : “मशिनवर उत्पादकाला जो आकडा दिसेल, तोच पावतीवर येईल आणि त्याच आकड्याचे पैसे मिळतील.” वृत्तपत्राच्या तालुका पानावर बातमी आली, तेव्हा नेमके हेच विधान गळाले होते. जागा कमी पडली की पत्रक खालून कापले जाते, हे पत्रके लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. संस्थेने हे विधान दुसऱ्या परिच्छेदात घेऊन उपस्थितांची नावे शेवटी टाकली असती, तर कापली गेली असती ती नावे. सुदैवाने मूळ पत्रक गावच्या गटावर पूर्ण आले होते आणि मी ते जपून ठेवले. पुढे जे घडले, त्यात या एका वाक्याचा मला जितका उपयोग झाला, तितका यंत्राच्या इतर कोणत्याही सोयीचा झाला नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन बिलांत माझे मत सेवेच्या विरोधात होते. माझ्याकडे संकरित गायी आहेत आणि एका वेळेचे दूध साधारण १२ लिटर भरते. जुन्या पद्धतीत फॅट ३.७ ते ३.८ लागत असे. नव्या मशिनवर ती कधी ३.४, कधी ३.९ अशी उड्या मारू लागली. गोठ्यात वैरण तीच, पशुखाद्य तेच आणि धारेची वेळही तीच होती. त्यामुळे दोष मशिनचा आहे असे वाटणे साहजिक होते. मी पत्रकाचा आधार घेऊन फेरतपासणी मागितली आणि संस्थेने ती खळखळ न करता दिली, हे येथे नोंदवले पाहिजे.

फेरतपासणी दोन टप्प्यांत होते. आधी त्याच मशिनवर दुसरा नमुना लावतात. दोन आकड्यांत फरक राहिला तर गर्बर पद्धतीने तपासतात. ब्युटिरोमीटर नावाच्या मान असलेल्या काचनळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल घेतात, त्यावर १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल घालतात, बूच लावून नळी हलवतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. आम्लाने दुधातली प्रथिने विरघळतात, नळी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि ६५ अंशांच्या पाण्यात काही मिनिटे ठेवल्यावर मानेत पिवळसर, स्वच्छ चरबीचा स्तंभ उभा राहतो. त्याची उंची खुणांवर वाचली की फॅट मिळते. स्तंभाखाली काळपट कण दिसले किंवा चरबी पांढुरकी राहिली, तर ती तपासणी ग्राह्य धरू नये. पहिले लक्षण बहुधा आम्ल जास्त तीव्र असल्याचे, तर दुसरे ते कमी पडल्याचे असते.

माझ्या दुधाची गर्बरने आलेली फॅट ३.७ होती. मशिनने त्याच दुधाला आधी ३.४ आणि नंतर ३.६ दाखवली होती. टेस्टरने कारण दाखवून दिले, तेव्हा माझे यंत्राविषयीचे मत बदलले. आमच्याकडचे मशिन ध्वनिलहरींवर चालते. ते नळीने थोडे दूध ओढून घेते आणि त्यातून लहरी किती वेगाने जातात यावरून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातला चरबी सोडून उरणारा घन भाग, काढते. दुधात हवेचे बुडबुडे असले की ही मोजणी बिघडते. माझा गोठा संस्थेपासून जवळ असल्यामुळे दूध धार काढल्या काढल्या, फेसासकट काट्यावर जात होते आणि नमुनाही वरच्या फेसातूनच घेतला जात होता. किटली काही मिनिटे टेकवून ठेवली, मग दूध डावाने वर-खाली हलके ढवळले आणि नमुना मधून घेतला, की आकडे स्थिर होतात. दूध बराच वेळ ठेवले आणि ढवळले नाही, तर उलटा त्रास होतो : साय वर येते आणि नमुना वरून घेतला की फॅट फुगते, खालून घेतला की पडते. ही सूचना पत्रकात एका ओळीत देता आली असती. ती नसल्यामुळे पहिले दोन महिने गावात बरीच भांडणे झाली.

यंत्राविषयी माझी तक्रार येथे संपते. संदेश वेळेवर येतात. पावतीचा कागद उष्णतेने छपाई होणारा असल्यामुळे खिशात दोन आठवड्यांत कोरा पडतो. म्हणून मी प्रत्येक पावतीचा फोटो काढतो. मशिनमध्ये गाय आणि म्हैस यांचे वेगवेगळे चॅनेल असतात आणि चुकीच्या चॅनेलवर लावलेला नमुना चुकीचाच आकडा देतो, त्यामुळे पडद्यावर ‘गाय’ आहे की नाही हे पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. बाकी काम ठीक चालते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सविस्तर लिहीत आहे, ती सांगतो. पडद्यावर आकडा दोन दशांशांत दिसतो आणि पावतीवर तो एका दशांशात येतो. एका सकाळी पडद्यावर फॅट ३.५८ आणि एसएनएफ ८.४९ होते, पावतीवर ३.५ आणि ८.४ छापून आले. सॉफ्टवेअर दुसरा दशांश पूर्णांकित करत नाही, तो सरळ तोडून टाकते. आमच्या दरपत्रकात एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैसे लागतात. नेहमीच्या पद्धतीने पूर्णांकन केले असते तर हे आकडे ३.६ आणि ८.५ झाले असते. दोन पॉइंटचे ६० पैसे, १२ लिटरला ७ रुपये २० पैसे, आणि ते केवळ एका वेळेच्या दुधाचे.

रोज इतका फरक पडत नाही, हे मी मान्य करतो. कधी आकडा ३.६१ येतो, तेव्हा तोडल्याने काहीच बिघडत नाही. परंतु दुसरा दशांश शून्यापासून नऊपर्यंत सारख्याच वेळा येतो असे धरले, तरी तोडण्याने सरासरी जवळपास अर्धा पॉइंट फॅटचा आणि अर्धा पॉइंट एसएनएफचा जातो. हिशोबाने लिटरमागे सुमारे २७ पैसे होतात. दिवसाला २४ लिटर धरले तर दहा दिवसांच्या बिलात सुमारे ६५ रुपये जातात. ही रक्कम पाहून अनेक सभासदांनी मला सोडून देण्याचा सल्ला दिला. ज्या धंद्यात पशुखाद्याच्या पोत्यामागे पाच रुपये वाचावेत म्हणून आम्ही दुसऱ्या गावी जातो, त्या धंद्यात ६५ रुपये सोडून द्यावेत हे मला पटत नाही.

सचिवांनी दोन उत्तरे दिली आणि दोन्ही गांभीर्याने ऐकण्यासारखी होती. पहिले असे की मशिनची अचूकता साधारण ०.१ च्या आसपास असते, गर्बरच्या नळीवरची बारीक खूणही तेवढीच असते, त्यामुळे दुसऱ्या दशांशाला अर्थ नाही. हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण यंत्राची चूक दोन्ही बाजूंना होते, कधी उत्पादकाच्या फायद्याची आणि कधी तोट्याची, आणि बरेच दिवस धरले तर ती एकमेकींना बऱ्याच अंशी छेद देते. तोडणी मात्र प्रत्येक वेळी एकाच बाजूला होते. यंत्राच्या अनिश्चिततेचे कारण देऊन खात्रीची एकतर्फी कपात करता येत नाही. दुसरे उत्तर असे की हा फरक संस्थेकडेच राहतो आणि दिवाळीला दरफरकाच्या रूपाने परत मिळतो. त्यातही अडचण आहे, कारण आमचा दरफरक लिटरवर वाटला जातो. ज्याचे आकडे जास्त तुटले त्याला त्याचे पैसे परत मिळत नाहीत. ते सर्वांमध्ये वाटले जातात.

या टप्प्यावर पत्रकातले विधान कामी आले. ‘जो आकडा दिसेल, तोच पावतीवर येईल’ असे चेअरमनांच्या नावाने छापलेले असल्यामुळे चर्चा माझ्या गैरसमजावरून संस्थेच्या शब्दावर आली. पत्रकात ‘पारदर्शक कारभार’ किंवा ‘उत्पादकांचे हित’ एवढेच असते, तर मला दाखवायला काहीच नव्हते. मी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ खाली माझ्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्यासाठी लेखी अर्ज दिला. सभासदाला स्वतःच्या व्यवहाराची नोंद असलेला दप्तराचा भाग संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतो. संगणकात मशिनचे मूळ दोन दशांशांचे आकडे साठवलेले निघाले, म्हणून पावत्यांशी ताळा करणे शक्य झाले. ताळ्यात एकही आकडा वरच्या बाजूला गेलेला आढळला नाही.

संस्थेची भूमिका त्यानंतर मवाळ झाली आहे. पावतीवर आता पडद्याप्रमाणे दोन दशांश छापले जातात, मात्र दर अजूनही तोडलेल्या आकड्यावरच लागतो. दरपत्रक दोन दशांशांचे करायचे तर तक्ता फार मोठा होईल, असे सांगितले जाते. त्याची गरजही नाही. पाच किंवा त्याहून मोठा दुसरा दशांश वर न्यावा आणि लहान असल्यास सोडावा, एवढा एक बदल सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून करून घेतला तरी पुरे.

सेवा घ्यावी की नाही, असे कोणी विचारले तर मी घ्यावी असेच सांगेन. पूर्वी आकडा दिसतच नव्हता. आज तो दिसतो म्हणूनच कोठे तुटतो हे सांगता येते. आपल्या संस्थेने असे पत्रक काढले तर मूळ प्रत मागून घ्या आणि पहिल्या दहा दिवसांत पडदा व पावती यांचे फोटो एकत्र ठेवा. पूर्णांकनाचा ठराव मी येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेसाठी लेखी दिला आहे आणि त्याला पत्रकाची प्रत जोडली आहे.