कमी बीटाचा शेअर की जास्त बीटाचा? यावलच्या आबांच्या चार लाखांचा हिशेब

यंदा केळीला भाव बरा मिळाला आणि यावलच्या आमच्या आबांकडे चार लाख रुपये मोकळे राहिले. त्यांनी दोन शेअर निवडून ठेवले होते. एक गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मोठी कंपनी, भाव ५००. दुसरी आपल्याच केळी-कापूस पट्ट्यात खतं विकणारी लहान कंपनी, भाव १००. मोबाइलवर पहिलीचा बीटा १.३ दिसत होता, दुसरीचा ०.३५. आबा म्हणाले, "दुसरीला जोखीम कमी दिसतेय भाऊ, तीच घेतो." मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं आणि हिशेब मांडला. दोन शेअरांत अडकलेल्या कुणालाही तो उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहितोय. कंपन्यांची नावं देत नाही आणि आकडे गोल केले आहेत.

बीटा काय मोजतो ते आबांना केळीवरूनच पटलं. वादळात एखाद्याची बाग आडवी होते, शेजारच्या गावाला धक्काही लागत नाही. पाच गावांत थोडी थोडी बाग असेल तर हा फटका विरून जातो. पण रावेर-यावलचा भावच पडला तर पाचही बागांना सारखंच सोसावं लागतं. शेअरचंही तसंच आहे. कंपनीच्या आतल्या भानगडी, संप, आग, चुकलेला सौदा, हे सगळं बरेच शेअर घेतले की एकमेकांत जिरतं. संपूर्ण बाजार हलल्यावर शेअर किती हलतो, ते मात्र जिरत नाही. तेवढाच भाग बीटा मोजतो. मार्च २०२० मध्ये निफ्टी महिन्याभरात सुमारे २३ टक्के पडला. १.३ बीटाच्या शेअरकडून त्या महिन्यात ३० टक्क्यांच्या आसपास पडझडीची अपेक्षा धरावी लागते, त्यात कंपनीचं स्वतःचं बरंवाईट वेगळं.

१९६४ साली विल्यम शार्प यांनी, आणि त्याच सुमारास लिंटनर व मोसिन यांनी, यावरून पुढचं पाऊल टाकलं. जी जोखीम फुकटात जिरवता येते तिचा मोबदला बाजार देणार नाही, मोबदला फक्त बीटाचा मिळेल. या कॅपिटल ॲसेट प्राइसिंग मॉडेलचं, म्हणजे कॅपमचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
अपेक्षित परतावा = बिनजोखीम दर + बीटा × (बाजाराचा परतावा − बिनजोखीम दर)
```

बिनजोखीम दर म्हणून दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर घेतात. मी तो ढोबळ ७ टक्के धरला. बाजार त्याहून ६ टक्के जास्त देईल असंही धरलं. हा ६ चा आकडा अंदाजच आहे. कुणी ५ धरेल, कुणी ७, पण दोन्ही शेअरांना एकच लावला की तुलना चालते.

सुट्या भागांच्या कंपनीकडून मागणी निघाली ७ + १.३ × ६, म्हणजे १४.८ टक्के. खत कंपनीकडून ७ + ०.३५ × ६, म्हणजे ९.१ टक्के. हे आकडे म्हणजे कंपनी एवढं देईलच असं भाकीत नव्हे. एवढी जोखीम घेतोय तर निदान एवढं तरी मिळावं, ही किमान मागणी आहे.

मागणीसमोर ठेवायला देणं हवं. आबांच्या आणि माझ्या अंदाजाने पहिला शेअर वर्षभरात ५६५ होईल आणि १० रुपये लाभांश देईल. ५०० चे ५७५, म्हणजे १५ टक्के. दुसरा १०८ होईल आणि ३ रुपये लाभांश देईल. १०० चे १११, म्हणजे ११ टक्के. पहिला मागणीपेक्षा जेमतेम ०.२ वर, दुसरा जवळजवळ २ टक्क्यांनी वर. इथवर आबांचंच खरं ठरत होतं, आणि बरेच जण इथेच पैसे भरून मोकळे होतात.

मला तो ०.३५ चा आकडा खटकला. खतांची विक्री पावसावर आणि सरकारी अनुदानावर चालते हे खरं, पण बाजार कोसळत असताना लहान कंपनीचा शेअर एवढा शांत राहत नाही. म्हणून दोन वर्षांचे रोजचे भाव उतरवून घेतले. कितीतरी दिवस या शेअरचा एकही सौदा नव्हता, आणि असेल तर दोन-चारशे शेअरांचा. बीटा बिघडतो तो इथे. समजा सोमवारी निफ्टी २ टक्के पडला, पण त्या दिवशी या शेअरला गिऱ्हाईकच आलं नाही. यादीत कालचाच भाव राहतो आणि आपल्या वहीत त्या दिवसाचा परतावा शून्य पडतो. बुधवारी कुणीतरी २ टक्के खाली विकतो, तेव्हा निफ्टी अर्धा टक्का वर असतो. शेअर बाजारामागेच चाललाय, फक्त दोन दिवस उशिरा. सूत्राला मात्र वाटतं की याचं बाजाराशी नातंच नाही.

हा दोष जुना आणि ओळखीचा आहे. १९७७ मध्ये शोल्स आणि विल्यम्स यांनी आणि १९७९ मध्ये डिमसन यांनी त्यावर इलाज दिला. डिमसन यांची रीत घरी एक्सेलमध्ये करता येते. रोजचे भाव सोडून आठवड्याचे परतावे घ्यायचे. A स्तंभात निफ्टीचा त्या आठवड्याचा परतावा, B मध्ये निफ्टीचा मागच्या आठवड्याचा, C मध्ये शेअरचा. मग:

```
=SLOPE(C3:C105,A3:A105)
=LINEST(C3:C105,A3:B105)
```

पहिलं सूत्र साधा बीटा देतं. दुसऱ्याच्या उत्तरात पहिल्या दोन घरांत दोन आकडे येतात, आधी मागच्या आठवड्याचा, मग चालू आठवड्याचा. त्यांची बेरीज म्हणजे दुरुस्त केलेला बीटा. सुट्या भागांच्या कंपनीला मागच्या आठवड्याचा आकडा जवळजवळ शून्य आला, म्हणजे ती बाजाराबरोबरच हलते आणि तिचा १.३ तसाच राहिला. खत कंपनीला चालू आठवड्याचे ०.४५ आणि मागच्याचे ०.४० आले. बेरीज ०.८५.

वही न मांडताही हा दोष ओळखता येतो. रोजच्या भावांवरचा, आठवड्याचा आणि महिन्याचा बीटा शेजारी ठेवा. तो पायरीपायरीने चढत गेला, तर लहान आकडा शांतपणाचा नसून सौदे विरळ असल्याचा आहे.

०.८५ घेतला की मागणी ७ + ५.१, म्हणजे १२.१ टक्के होते, आणि देणं ११ च राहतं. दोन टक्क्यांचा फायदा दिसत होता तिथे एक टक्क्याहून जास्त खोट आली. कंपनी तीच आणि भाव तोच, बदललं ते फक्त मोजमाप.

| | देणं (अंदाज) | बीटा | मागणी |
|---|---|---|---|
| सुट्या भागांची कंपनी | १५ | १.३ | १४.८ |
| खत कंपनी, मोबाइलवरचा बीटा | ११ | ०.३५ | ९.१ |
| खत कंपनी, दुरुस्त बीटा | ११ | ०.८५ | १२.१ |
| दोन भाग निफ्टी फंड, एक भाग रोखे | ११ | ०.६७ | ११ |

शेवटची ओळ मी मुद्दाम घातली, कारण माझ्या मते निर्णय तिथेच लागतो. कमी बीटा हवा म्हणून कमी बीटाचा शेअर शोधत बसावं लागत नाही, तो मिसळून तयार करता येतो. निफ्टी फंडाचा बीटा १ आणि अपेक्षा १३ टक्के. सरकारी रोख्याचा बीटा शून्य आणि दर ७. दोन भाग फंड आणि एक भाग रोखे घेतले तर परतावा तोच ११ टक्के आणि बीटा फक्त ०.६७. तेवढ्याच ११ टक्क्यांसाठी खत कंपनी ०.८५ बीटा सोसायला लावते, वर तिची स्वतःची वादळं आहेतच.

विकायची अडचण वेगळी. आबांसमोर सौद्यांची खिडकी उघडली. घेणारा ९७ ला उभा होता, विकणारा १०१ ला, आणि दोघांकडे मिळून दोन-अडीचशे शेअर. चार लाखांत चार हजार शेअर येतात. १०१ ला घेतले तर ११ टक्क्यांचे ९.९ होतात, आणि एवढे एकदम घ्यायला गेलं तर भाव आणखी वर सरकतो. कॅपमच्या सूत्रात या खर्चाला जागाच नाही.

आबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कॅपममधला बाजार म्हणजे माणसाची सगळीच मालमत्ता, जमीन आणि कमाईसुद्धा. निफ्टी हा त्याचा सोयीचा तुकडा. खरा बाजार कुणालाच मोजता येत नाही, हा आक्षेप रिचर्ड रोल यांनी १९७७ मध्येच घेतला होता. आबांची खरी संपत्ती म्हणजे बारा एकर केळी. पाऊस हुकला किंवा केळीचा भाव बसला की त्यांचं उत्पन्न घटतं, आणि त्याच वर्षी या पट्ट्यातला शेतकरी खतही हात राखून घेतो. या कंपनीचं नातं निफ्टीशी बेताचं असेल, आबांच्या बागेशी मात्र घट्ट आहे. नाशिकच्या एखाद्या पगारदाराला ती चालेल, यावलच्या बागायतदाराला ती दुप्पट घाव घालेल.

अमळनेरचा दाखला आबांनी काढलाच. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे शेअर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या घरांचं सोनं झालं हे खान्देशात सगळ्यांना माहीत आहे. मला त्या धीराबद्दल आदरच आहे. पण एकाच शेअरात सगळं ठेवणाऱ्याने जी जादा जोखीम उचलली, तिचा मोबदला कॅपम देत नाही. तो मिळाला तो त्या कंपनीच्या कर्तृत्वामुळे, आणि तशी कंपनी आधी ओळखायला बीटाचा काही उपयोग नाही.

सुट्या भागांची कंपनी तरी घ्यावी का? ०.२ टक्क्याच्या आघाडीवर मी काहीच ठरवणार नाही. पाच वर्षांच्या मासिक भावांवरून काढलेल्या बीटात ०.२५ ची प्रमाण त्रुटी सहज असते, म्हणजे खरा आकडा ०.८ ते १.८ मध्ये कुठेही असू शकतो. मागणी मग ११.८ पासून १७.८ पर्यंत ताणली जाते. शिवाय १९७२ मध्ये ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स यांनी न्यूयॉर्कच्या शेअरांचे गट पाडून तपासलं, तेव्हा जास्त बीटाच्या गटांनी मॉडेलच्या हिशेबापेक्षा कमी आणि कमी बीटाच्या गटांनी जास्त दिलं होतं. आबांनी हे ऐकताच विचारलं, "मग माझं काय चुकलं होतं?" त्यांचा कल चुकला नव्हता. पण तिथे कमी बीटाच्या अनेक शेअरांचा गट होता, आणि आबांच्या हातात एकच शेअर होता, तोही बीटा खोटा दाखवणारा.

आबांनी शेवटी अडीच लाख निफ्टी फंडात आणि सव्वा लाख सरकारी रोख्यांत टाकले. उरलेल्या पंचवीस हजारांत सुट्या भागांचे पन्नास शेअर घेतले. खत कंपनी यादीतून काढलेली नाही. ती ९५ ला आली तर १११ च्या हिशेबाने जवळजवळ १७ टक्के देईल, १२.१ च्या बरीच वर. तेव्हाही विकत घेण्याआधी आबा त्या वर्षीचा पाऊस आणि केळीचा भाव बघणार आहेत.