भाकरीआधी भाजी-उसळ, की नेहमीसारखे सारे एकत्र?

ताटातले पदार्थ तेच ठेवायचे आणि फक्त आधी भाजी व प्रथिने, शेवटी भाकरी किंवा भात असा क्रम लावायचा, म्हणजे जेवणानंतर साखर कमी चढते, हे आता मधुमेही माणसाने कुठे ना कुठे ऐकलेले असतेच. प्रश्न उरतो तो हा क्रम कितपत काटेकोरपणे पाळावा याचा. माझ्यापुढे तीन पर्याय होते. पहिल्यात भाजी-उसळ संपवून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि मग भाकरी घ्यायची. दुसऱ्यात क्रम तोच, पण मध्ये थांबणे नाही. तिसऱ्यात सारे एकत्र खायचे आणि भाकरीच कमी करायची. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या घरी हे तिन्ही करून पाहिले आहेत. माझी गोळी मेटफॉर्मिनची आहे, इन्सुलिन नाही; पुढचे सारे त्या मर्यादेत वाचावे.

पहिल्या पर्यायाचा मुख्य आधार न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातला २०१५ सालचा प्रयोग आहे. त्यात टाइप २ मधुमेहाचे अवघे ११ रुग्ण होते. एका दिवशी त्यांना आधी पाव व संत्र्याचा रस आणि पंधरा मिनिटांनी कोंबडी व भाज्या दिल्या, दुसऱ्या वेळी तेच जेवण उलट क्रमाने दिले. उलट क्रमात तासाभराने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. आकडा डोळ्यांत भरणारा असला, तरी तो नेमका कशाशी तुलना करून आला हे पाहावे लागते. घड्याळ जेवणाच्या पहिल्या घासापासून लावलेले होते, म्हणजे शेवटी पाव खाणाऱ्याच्या पोटात तो पंधरा मिनिटे उशिरा पोचला होता, आणि मोजमाप दोन तासांवर थांबले होते. त्याच गटाने २०१७ साली १६ रुग्णांवर तीन तास मोजमाप केले आणि सारे एकत्र खाण्याचा तिसरा प्रकारही घेतला. परिणाम टिकला, मात्र ‘आधी पाव’च्या तुलनेत जो फरक होता, त्याहून तो ‘सारे एकत्र’च्या तुलनेत कमी होता. आपल्याकडे कोणीही कोरडी भाकरी आधी संपवून मग भाजीकडे वळत नाही, म्हणून आपल्या कामाची तुलना ही दुसरीच आहे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. २०१५ च्या त्या जेवणात प्रथिने ५५ ग्रॅम होती. आमच्या ताटातल्या वाटीभर घट्ट मुगाच्या उसळीत ती सात-आठ ग्रॅम भरतात, आणि त्यांच्याहून अधिक पिष्ट त्याच वाटीत असते. क्रमाचा परिणाम बराचसा जठर हळू रिकामे होण्यातून येतो, आणि प्रथिने व स्निग्ध पदार्थ आधी पोचल्याने आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते, ते त्याला हातभार लावते. पातळ वरणाच्या वाटीकडून कोंबडीएवढे काम होईल अशी अपेक्षा म्हणूनच ठेवू नये. त्या मानाने आमचे फुणके बरे ठरतात, कारण ते भरड वाटलेल्या डाळीचे व वाफवलेले असतात आणि भाकरीशिवाय कढीबरोबर नीट खाता येतात.

आता माझा अनुभव. जेवण एकच ठेवले होते: दादर ज्वारीची दीड भाकरी, गिलक्याची भाजी व वाटीभर उसळ. प्रत्येक पर्याय तीन-तीन रात्री पाळला आणि भाकरीच्या पहिल्या घासापासून तासाने बोटातून साखर मोजली. आरंभी मी जेवणाच्या पहिल्या घासापासून वेळ धरत होतो, तेव्हा थांबून खाल्लेल्या रात्री आकडा फारच सुरेख येई. दीड तासाने पुन्हा मोजल्यावर साखर अजून चढतच असल्याचे दिसले. वेळ नीट धरल्यावर सारे एकत्र खाल्ले असता वाढ डेसिलिटरमागे पंच्याहत्तर मिलिग्रॅमच्या आसपास, थांबून खाल्ले असता चाळीसच्या आसपास, न थांबता क्रमाने खाल्ले असता पन्नासच्या आसपास आली. एकत्र खाऊन अर्धी भाकरी कमी केली, तरी पन्नासच्याच आसपास. घरच्या यंत्राला शंभराच्या वरच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक मापदंडानुसारच क्षम्य असते, त्यामुळे चाळीस आणि पन्नास यांतला फरक मी खरा मानत नाही. पंच्याहत्तर आणि पन्नास यांतला मानावासा वाटतो. (एका रात्री आकडा अचानक फार मोठा आला होता, त्याचे कारण केळे सोलून हात न धुता टोचलेले बोट हे निघाले.)

कागदावर पहिला पर्याय जिंकतो. तो मी सोडला भाकरीमुळे. दादरची भाकरी तव्यावरून उतरली की चार-पाच मिनिटांत खावी. पंधरा मिनिटांनी ती कडक होते आणि मोडताना तुकडे पडतात. नंतर भाजावी म्हटले, तर चुलीजवळच्या माणसाने माझ्यासाठी दुसऱ्यांदा बसावे लागते. चौथ्या रात्री आईने ताटाकडे पाहून एवढेच म्हटले, “आते भाकर थंडी व्हई गई.” त्याहून मोठी अडचण अशी की आमच्या भाज्या तिखट रश्श्याच्या, भाकरीला लावून खाण्यासाठीच केलेल्या असतात. नुसती खाऊन त्या संपवल्या, की उरलेल्या भाकरीला पुन्हा रस्सा घ्यावा लागतो, आणि तेल-मीठ दुप्पट पोटात जाते. शेवभाजी तर या हिशेबात भाजी धरूच नये, ती बेसन आणि तेल आहे.

तिसऱ्या पर्यायाविषयी माझी तक्रार नाही. रात्री अकराला भूक लागते एवढेच, आणि त्या भुकेवर काय खाल्ले जाते हे ज्याचे त्याला ठाऊक असते. ज्यांना वजनही उतरवायचे आहे, त्यांना कदाचित तोच बरा पडेल.

दीर्घ मुदतीचा पुरावा मात्र एका जेवणाच्या पुराव्याइतका भक्कम नाही. जपानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात ‘आधी भाज्या’ शिकवलेल्या रुग्णांचे एचबीए१सी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे मोजमाप, ८.३ वरून ६.८ वर आले, नेहमीचा आहारसल्ला मिळालेल्यांचे ८.२ वरून ७.३ वर. पण आधी भाज्या खाणारा बहुधा भाज्या जास्तही खातो, म्हणून सारे श्रेय क्रमाला देणे धाडसाचे होईल. २०२२ साली अशा चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा क्रमाच्या बाजूने थोडा कल दिसला, परंतु नेहमीच्या आहारसल्ल्यापेक्षा तो ठामपणे सरस ठरला नाही. जेवणानंतरची चढण बोथट होते हे मी बऱ्याच खात्रीने मानतो. तीन महिन्यांची सरासरी त्याने किती उतरेल, यावर पैज लावणार नाही.

म्हणून माझ्या घरी दुसरा पर्याय टिकला आहे. कमी तिखटाची सुकी भाजी किंवा भरीत, त्याबरोबर घट्ट उसळ अथवा फुणके आधी संपवायचे, तेवढ्यात तव्यावरची भाकरी पानात येते आणि रस्सा तिच्यासाठी राखलेला असतो. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा, कारण पिष्ट उशिरा पोचले आणि औषध वेळेवर लागू झाले, तर साखर धोका होण्याइतकी खाली उतरू शकते.

खिचडीच्या रात्री मात्र यातले काही चालत नाही. डाळ आणि तांदूळ एकाच पातेल्यात शिजलेले असतात, त्यांचा क्रम कोण लावणार? त्या रात्री मी आधी वाटीभर भरीत खातो आणि खिचडी एकदाच वाढून घेतो.