पुनर्विकासाच्या दोन ऑफर: जास्त जागा घ्यावी की पक्की हमी?

पुनर्विकासाच्या सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एक्स्ट्रा किती देतोय?" विकासकांनाही हे ठाऊक असतं, म्हणून ऑफरच्या पहिल्या पानावर टक्केवारी मोठ्या अक्षरात छापलेली असते. बँक गॅरंटी, घर रिकामं करण्याची अट आणि कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, मोजायची पद्धत मात्र चौदाव्या पानावर सापडते. निर्णय या मागच्या पानांवरून व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे एका हिशेबातून दाखवतो.

समजा, मुलुंडमध्ये 32 सभासदांची जुनी सोसायटी आहे आणि प्रत्येकाचं घर 450 चौरस फूट कार्पेटचं आहे. निविदा उघडल्यावर दोन विकासक उरले. 'अ' 45 टक्के जादा जागा, प्रत्येक सभासदाला 3 लाख कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, आणि 36 महिन्यांत ताबा देतो. 'ब' 35 टक्के जादा जागा, 2 लाख कॉर्पस आणि 30 महिन्यांत ताबा देतो. भाडं दोघांचंही महिना 35,000 आहे. म्हणजे 'अ'कडे साधारण 652 फूट आणि 'ब'कडे 607 फूट. फरक 45 फुटांचा. परिसराचा दर फुटाला 25,000 धरला तर हा फरक सव्वाअकरा लाखांचा होतो आणि कॉर्पसचा लाख मिळवून सव्वाबारा लाखांचा. बहुतेक सभांमध्ये हात वर होतात ते इथेच.

आता चौदावं पान. 'अ'ने 652 फूट 'रेरा कार्पेट' लिहिलंय. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जागाही कार्पेटमध्ये धरली जाते. आपलं जुनं 450 मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेलं, म्हणजे निव्वळ वापरायची जागा. तेवढ्या घरात आतल्या भिंती वीस-बावीस फूट सहज खातात. 'ब'ने मात्र जुन्याच पद्धतीने, निव्वळ जागा लिहून दिली आहे. एकाच मापाने मोजलं तर 'अ'चे जेमतेम 630 उरतात आणि फरक 23 फुटांवर येतो. सव्वाबारा लाखांचे पावणेसात लाख झाले. म्हणून प्रत्येक विकासकाकडून निव्वळ कार्पेटचा आकडा आणि मोजमाप दाखवलेला घराचा नकाशा निविदेतच मागून घ्या. बाल्कनी, कोनाडे वेगळे दाखवायला सांगा.

मग पुढचा प्रश्न, ही जादा जागा येते कुठून? प्लॉटसमोरचा रस्ता किती रुंद, त्यावर किती एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने बांधकामाची परवानगी, आणि टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, मिळतो, त्यातून विक्रीला किती उरतं, हे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराच्या व्यवहार्यता अहवालात असतं. अहवाल म्हणत असेल की सभासदांना 38 टक्क्यांपर्यंत देणं झेपतं आणि कुणी 45 टक्के देत असेल, तर तो सात टक्के कुठून काढणार ते लेखी विचारा. 'शेजारचा प्लॉट जोडून घेऊ' किंवा 'पुढे नियम बदलतील' असं उत्तर आलं, तर तो आकडा हातात नाही असं समजावं. पायाचं काम होऊन मग थांबलेल्या प्रकल्पांमागे बरेचदा असंच न झेपणारं आश्वासन असतं.

काम थांबलं तर काय, इथे दोन्ही ऑफरमधला खरा फरक दिसतो. सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली राज्य सरकारने 4 जुलै 2019 ला जे निर्देश काढले, त्यांत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटीची तरतूद आहे. खर्च 40 कोटी धरला तर गॅरंटी 8 कोटींची, म्हणजे सभासदामागे 25 लाख. 'ब' ती देतो, आणि कामाच्या टप्प्यांनुसार ती कमी होत जाईल असं म्हणतो. 'अ' म्हणतो, गॅरंटीऐवजी नव्या इमारतीतले माझे चार फ्लॅट तुमच्याकडे तारण ठेवतो. ऐकायला ठीक वाटतं, पण काम पाचव्या स्लॅबला थांबलं तर ते चार फ्लॅटही तिथेच अर्धवट उभे असणार. गॅरंटी असेल तर सोसायटी बँकेत जाऊन पैसे मागू शकते आणि भाडं बंद पडलेल्या 32 कुटुंबांना महिन्याचे अकरा लाख वीस हजार त्यातून भागवता येतात. मात्र ती बिनशर्त आहे ना आणि ओसी, म्हणजे इमारत राहण्याजोगी झाल्याचा महापालिकेचा दाखला, मिळेपर्यंत तिची मुदत आहे ना, हे वकिलाकडून वाचून घ्या.

पावणेसात लाखांचा फायदा म्हणजे जेमतेम 19 महिन्यांचं भाडं. 'अ'चा प्रकल्प वेळेत झाला तर त्याचीच ऑफर चांगली, हे मान्यच. पण दीड-दोन वर्षं भाडं थकलं की तो फायदा संपला, वर घर कधी मिळेल याचा पत्ता नाही.

वेळापत्रकातही 36 आणि 30 या आकड्यांपेक्षा महिने कधीपासून मोजायचे हे महत्त्वाचं आहे. 'अ'ला विकास करार नोंदल्यावर 60 दिवसांत इमारत रिकामी हवी आहे. 'ब' आयओडी, म्हणजे आराखड्याला महापालिकेची अटींसह मान्यता मिळाल्यावर 30 दिवसांची नोटीस देणार आहे. मान्यतेआधी घर सोडलं तर इमारत पाडली जाते, मंजुरीची फाइल फिरत राहते आणि सभासदांच्या हातात काही उरत नाही. प्रत्येक सभासदाचा स्वतंत्र करार नोंदला गेला, गॅरंटी सोसायटीच्या ताब्यात आली आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश मिळाले, की मगच चावी द्यावी. पुढचे टप्पे बांधकाम सुरू करायची परवानगी म्हणजे सीसी, जोतं, स्लॅब आणि ओसी असे तारखांसह करारात लिहावेत, आणि विकासकाने आपले शेवटचे काही फ्लॅट सभासदांची ओसी आल्याशिवाय विकू नयेत अशी अट घालावी. सभासदांच्या घरांवर कर्ज काढायला साफ मनाई असावी. प्रकल्पाची रेरा नोंदणी आहे म्हणून यात ढिलाई करू नका. त्या नोंदणीचा मुख्य आधार नवीन ग्राहकांना असतो, जुन्या सभासदाचा खरा आधार करारच आहे.

संमतीचं गणित तसं सोपं आहे. विकासक निवडायच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर असतो आणि दोन तृतीयांश गणपूर्ती लागते, म्हणजे 32 पैकी 22. एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची, म्हणजे 17 जणांची संमती पुरते. पण 17 वर थांबू नये. उरलेले 15 जण घर सोडायला तयार नसतील, तर न्यायालय बहुमताच्या बाजूने उभं राहिलं तरी महिने जातात. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत हे निर्देश बंधनकारक न मानता मार्गदर्शक मानले आहेत, त्यामुळे 'सरकारी नियमात आहे' एवढ्यावर विसंबू नका. गॅरंटी हवी तर ती करारात शब्दांत असली पाहिजे.

माझ्यासमोर ही दोन पाकिटं असती तर मी मतदानाआधी 'अ'ला एकच पत्र पाठवलं असतं: 20 टक्के गॅरंटी आणि आयओडीनंतरच घर रिकामं करणं, हे मान्य आहे का, सात दिवसांत कळवा. हो म्हणाला तर निव्वळ कार्पेटवर दोन्ही ऑफर पुन्हा मांडाव्यात, आणि तेव्हा 'अ'ला मत द्यायलाही हरकत नाही. टक्केवारी एकदम 37-38 वर आणून हो म्हणाला, तर आधीच्या 45 मध्ये गॅरंटीचा खर्च धरलाच नव्हता हे उघड आहे. नाही म्हणाला किंवा उत्तरच आलं नाही, तर 'ब'. आणि ते पत्र, त्याचं उत्तर आणि दोन्ही ऑफरचे निव्वळ आकडे सभेच्या इतिवृत्ताला जोडून ठेवावेत, म्हणजे सभेला न आलेल्या सभासदालाही निर्णय कशावर झाला ते वाचता येईल.