नागपूरच्या बर्डीत "ओरिजिनल गेम" घेताय? आधी हे वाचा

२,४९९ रुपये गेमचे, वर ३०० "इन्स्टॉलेशन". एकूण २,७९९. पोरीच्या बाराव्या वाढदिवसाची भेट होती, आणि ती सुरूच झाली नाही.

दुकानदाराने लॅपटॉप घेतला, स्टीम नावाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम टाकून दिला आणि एक चिठ्ठी हातात ठेवली. त्यावर युजरनेम आणि पासवर्ड. वर म्हणतो, "साहेब, ऑफलाइन मोडमध्येच चालवा, नेट लावू नका." इथेच ओळखायला हवं होतं! स्टीमचा विकत घेतलेला कोड साधारण पाच-पाच अक्षरांच्या तीन गटांत येतो आणि तो आपण आपल्या खात्यात टाकतो. कोणी तयार खातं देत असेल, तर गेम तुमचा नाहीच. एकच खातं तो पन्नास जणांना विकू शकतो. पण मी दिवसभर ऑफिसात फायली बघणारा माणूस, आणि समोरचा काउंटरवर बिल फाडतोय. शंका यावी तरी काहून?

घरी गेम उघडला तर VCRUNTIME140.dll सापडत नाही म्हणे. पोरगी म्हणाली, "बाबा, ती फाइल भलत्या साइटवरून नका घेऊ, त्यात व्हायरस असतो." बरोबर होतं तिचं. ती फाइल सुटी उतरवायचीच नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्यायचं, ६४-बिटचं. दोघांनी मिळून ते टाकलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला. पोरगी टाळी द्यायला हात पुढे करून बसली होती.

पण त्यासाठी वायफाय लावलं होतं ना! स्टीम ऑनलाइन उघडलं आणि स्टीम गार्डचा, म्हणजे खातं आपलंच आहे हे तपासणारा, कोड मागू लागलं. कोड गेला कोणाच्या तरी ईमेलवर, आमच्या नाही. पोरीने स्वतःच्या खात्यात लॉगिन करून लायब्ररी बघितली. रिकामी. ती काही बोलली नाही, मीच दहा शिव्या मनात दिल्या.

दुकानदार म्हणतो, "नेट लावलं न तुम्ही? वॉरंटी गेली." वॉरंटी!

पोलिसांकडे गेलो तर साहेब म्हणाले, ऑनलाइन फ्रॉड नाही, दुकानाचं भांडण आहे, ग्राहक मंचात जा. दुसरे म्हणाले, "एवढ्याशा रकमेसाठी?" तिसऱ्याने बिल मागितलं, तर बिलावर गेमचं नावच नाही, नुसतं "सॉफ्टवेअर सर्व्हिस". अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शाई संपली होती म्हणे. माझ्या टॅक्सचे पैसे शाईलाही पुरत नाहीत का?

बिलावर गेमचं नाव लिहून घ्या, नाही लिहिलं तर उठा. स्टीम १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत देतं, पण ज्याच्या खात्यातून खरेदी झाली त्यालाच. म्हणजे तो मार्गही आम्हाला बंद. पैसे यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा नंबर जपून ठेवा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना कामी येतो. आणि अँटिव्हायरस बंद करा म्हणणाऱ्याला तर उंबऱ्यावरही उभा करू नका.